पथदिव्यांची बचत: कागदावरची आणि मीटरवरची

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत कुठेतरी मधेच एक ओळ येते: ‘शहरातील जुने पथदिवे काढून त्या जागी एलईडी दिवे बसविण्याच्या कामास मंजुरी देणे.’ सोबत विद्युत विभागाची दोन-तीन पानांची टिपणी असते आणि तिच्या शेवटी वर्षाला इतके लाख युनिट आणि इतके लाख रुपये वाचतील, असा आकडा असतो. एलईडीला विरोध करण्यासारखे कुणाकडे काही नसते. सूचक ठरतो, अनुमोदक ठरतो आणि विषय मंजूर होतो. वर्षभराने लेखापालापुढे विजेची बिले येतात. ती कमी झालेली असतात, पण टिपणीत लिहिले होते तेवढी नाही. मग कुणी दिव्याला दोष देतो, कुणी ठेकेदाराला. बहुतेक वेळा चूक त्या दोन-तीन पानांतच असते, आणि ती शोधायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. गुणाकार आणि वजाबाकी येणारा कोणताही नागरिक ती शोधू शकतो.

दिवाबत्ती हे १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ‘परवडत नाही’ म्हणून ते टाळता येत नाही, त्यामुळे खर्च कमी करण्याचा मार्ग दिव्याच्या वॉटमधूनच जातो. तो कसा जातो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. चाळीस हजारांपेक्षा कमी वस्तीचे, म्हणजे क वर्ग नगरपरिषदेचे एक शहर डोळ्यांसमोर आणू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशा शहरांत सर्वसाधारणपणे दिसणाऱ्या दिव्यांनाच धरून आहेत. गावठाणातल्या गल्ल्यांत जुन्या ट्यूबलाइट आहेत, नव्या वसाहतींत लहान सोडियम दिवे, बाजारपेठेत आणि बसस्थानकाच्या रस्त्याला मोठे सोडियम, आणि शहरातून जाणाऱ्या राज्यमार्गावर त्याहून मोठे. सगळे मिळून १,८०० दिवे.

पहिली गोष्ट इथेच सांभाळावी लागते. दिव्यावर लिहिलेले वॉट आणि दिवा प्रत्यक्ष ओढतो ते वॉट एक नसतात. ट्यूब किंवा सोडियम दिवा थेट विजेवर चालत नाही. त्याला चोक लागतो, आणि तांब्याच्या तारेचा तो जुना जड चोक स्वतः तापून वीज खातो. चाळीस वॉटची ट्यूब चोक धरून बावन्न वॉटच्या आसपास ओढते. सत्तर वॉटचा सोडियम चौऱ्याऐंशीच्या घरात जातो, दीडशेचा एकशे सत्तरपर्यंत आणि अडीचशेचा दोनशे ऐंशीपर्यंत. एलईडीमध्ये चोकच्या जागी ड्रायव्हर नावाचे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. तेही थोडी वीज खाते, पण चांगल्या कंपन्या फिटिंगवर ड्रायव्हर धरूनच एकूण वॉट छापतात. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे ‘चोकसह’ आणि ‘ड्रायव्हरसह’ घेतले, तरच तुलना बरोबर होते. आपल्या शहराचा तक्ता असा होईल:

| आजचा दिवा | संख्या | आज प्रत्यक्ष वॉट | नव्या एलईडीचे वॉट |
|---|---|---|---|
| ४० वॉट ट्यूब | ९०० | ५२ | २० |
| ७० वॉट सोडियम | ४५० | ८४ | ३५ |
| १५० वॉट सोडियम | ३५० | १७० | ७० |
| २५० वॉट सोडियम | १०० | २८० | १२० |

प्रत्येक ओळीत संख्येला वॉटने गुणून बेरीज केली, की आजचा एकूण भार १,७२,१०० वॉट येतो, म्हणजे साधारण १७२ किलोवॉट. एलईडी बसवल्यावर तो ७०,२५० वॉटवर, म्हणजे ७० किलोवॉटच्या थोडा वर येतो. आता तास. महाराष्ट्रात जूनमधली रात्र पावणेअकरा तासांच्या आसपास असते आणि डिसेंबरमधली तेराच्या आसपास. संध्याकाळचा संधिप्रकाश आणि पहाटेचा उजेड वजा केला, तर दिवे वर्षभर सरासरी रोज अकरा तास लागतात असे धरायला हरकत नाही. ११ गुणिले ३६५ म्हणजे ४,०१५. हिशोबाला ४,००० तास सोयीचे. काही टिपण्यांत सरसकट बारा तास धरलेले असतात. त्याने बचत कागदावर आपोआप नऊ टक्क्यांनी फुगते. असा आकडा दिसला की तेवढे पान बाजूला ठेवून विचारावे.

किलोवॉटला तासांनी गुणले की युनिट मिळतात. आजचा वापर १७२.१ गुणिले ४,००० म्हणजे ६,८८,४०० युनिट. एलईडीनंतर ७०.२५ गुणिले ४,००० म्हणजे २,८१,००० युनिट. वजाबाकी केली तर वर्षाला ४,०७,४०० युनिट वाचले, जवळजवळ साठ टक्के. रुपयांसाठी युनिटचा दर लागतो. पथदिव्यांना महावितरणचा वेगळा दर असतो, वीज नियामक आयोग तो ठरवतो आणि तो वेळोवेळी बदलतो, म्हणून आपल्या गेल्या महिन्याच्या बिलावर पाहून घ्यावा. त्यात वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे सगळे युनिटला लागणारे आकार एकत्र धरायचे. इथे गोल आकडा म्हणून ८ रुपये धरू. आजचे बिल ५५ लाख ७ हजार, एलईडीनंतरचे २२ लाख ४८ हजार, बचत ३२ लाख ५९ हजार रुपये. टिपणीत लिहिला जाणारा आकडा हाच. गुणाकारात कुठेही चूक नाही, आणि तरी तो आकडा नगरपरिषदेच्या खात्यात येणार नाही.

कारण या हिशोबाने एक गोष्ट गृहीत धरली आहे: आज १,८०० च्या १,८०० दिवे रोज रात्री जळतात. कुठल्याही लहान शहरात रात्री नऊ वाजता फेरी मारली, तर हे गृहीतक पहिल्याच चौकात मोडते. सोडियम दिव्याचे आयुष्य संपत आले की तो लागतो, पाच-दहा मिनिटांनी विझतो, थंड झाला की पुन्हा लागतो. असे चालू-बंद करणारे दिवे वायरमनला तोंडपाठ असतात. ट्यूब काळी पडते, स्टार्टर जातो, पावसाळ्यात खांबावरच्या जोडातून पाणी शिरून फ्यूज उडतो. दुरुस्तीचे सामान संपलेले असते, मग प्रभागातून ओरड झाली की एका गल्लीतला चोक काढून दुसऱ्या गल्लीत बसवला जातो. आपल्या उदाहरणात कोणत्याही रात्री वीस टक्के दिवे बंद असतात असे धरू. मग मीटरवर आज ६,८८,४०० नव्हे, ५,५०,७२० युनिट नोंदले जात असतील. एलईडी बसवल्यावर मात्र सगळे १,८०० दिवे जळतील आणि २,८१,००० युनिट लागतील. खरी बचत २,६९,७२० युनिट, म्हणजे २१ लाख ५८ हजार रुपये. कागदावरच्या आकड्यातून अकरा लाख रुपये गेले.

हे अकरा लाख कुणी खाल्ले नाहीत. ज्या ३६० खांबांखाली अंधार होता तिथे आता उजेड आहे, आणि त्याची किंमत त्या वस्तीतल्या लोकांना विचारावी. पण उजेड वेगळा आणि बिलातली बचत वेगळी. ठेकेदाराचे हप्ते उजेडातून फिटत नाहीत, बचतीतून फिटतात. म्हणून प्रस्तावाची सुरुवात दिव्यांच्या संख्येपासून करण्याऐवजी मीटरपासून करायला हवी. गेल्या तीन वर्षांची सगळी बिले काढावीत, प्रत्येक मीटरचे युनिट महिन्यानुसार लिहावेत आणि ती बेरीज तक्त्यातून आलेल्या ६,८८,४०० च्या शेजारी ठेवावी. दोन आकडे जुळत नसतील, तर फरक नक्की कशाचा हे आधी शोधावे.

बिले काढायला बसले की दुसरा प्रश्न समोर येतो, तो पहिल्याहून चिवट आहे. लहान शहरांत पथदिव्यांचे बरेचसे दिवे महावितरणच्याच खांबांवर असतात. घरांना वीज देणाऱ्या तारांसोबत एक वेगळी तार पथदिव्यांसाठी ओढलेली असते आणि ती रोहित्राजवळच्या पेटीतून चालू-बंद होते. त्या पेटीत मीटर असायला हवे. काही ठिकाणी ते नसते, काही ठिकाणी असते पण बंद पडलेले असते, आणि बिल सरासरीने येत राहते. जिथे बिल सरासरीवर येते तिथे दिवा बदलून बिल कमी होत नाही. वीज कमी लागेल, पण ते मोजणारे कुणी नसल्यामुळे पैसे तेवढेच जातील. एखाद्या शहरातले एक चतुर्थांश दिवे अशा पेट्यांवर असतील, तर बचतीतलाही जवळपास तेवढाच वाटा हवेत जातो. म्हणून क्रम असा हवा: आधी मीटर, मग दिवा. मीटर बसवून दोन-तीन महिने जुन्याच दिव्यांचे वाचन घेतले, तर बचत मोजायला पक्का आधारही मिळतो.

बिलात आणखी एक ओळ असते, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. ती मंजूर भाराची. स्थिर आकार युनिटवर लागत नाही, मंजूर किलोवॉटवर दरमहा लागतो, दिवे जळोत वा न जळोत. आपल्या शहरात भार १७२ वरून ७० किलोवॉटवर येणार आहे, पण महावितरणच्या नोंदीत तो आपोआप कमी होत नाही. काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक जोडणीसाठी भार कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो. किलोवॉटमागे महिना शंभर रुपये आकार धरला, तरी १०२ किलोवॉटचे वर्षाला एक लाख बावीस हजार होतात. हे पैसे मिळवायला एकही दिवा बदलावा लागत नाही, फक्त अर्ज करून त्याचा पाठपुरावा करावा लागतो. प्रस्तावातच ‘भार कमी करून घेण्याची जबाबदारी अमुक यांची’ असे लिहिले, तर ते काम होते. नाही लिहिले, तर वर्षानुवर्षे राहून जाते.

आता टायमर. सकाळी आठ वाजता भर उन्हात जळणारे पथदिवे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पेटीतले घड्याळ वीज गेली की मागे पडते, कुणीतरी ते बाजूला काढून हाताने बटण टाकतो आणि सकाळी बंद करायला उशीर होतो. आपल्या १७२ किलोवॉटच्या शहरात रोज एक तास जादा दिवे जळले, तर वर्षाला जवळपास ६३ हजार युनिट, म्हणजे पाच लाख रुपये जातात. एलईडीनंतरही तोच एक तास दोन लाखांना पडतो. यावर उपाय आहे तो खगोलीय टायमर. त्यात शहराचे अक्षांश-रेखांश एकदा भरले, की त्या त्या तारखेचा सूर्यास्त आणि सूर्योदय तो स्वतः काढतो, जूनमध्ये उशिरा लावतो, नोव्हेंबरमध्ये लवकर. आत छोटी बॅटरी असल्याने वीज गेली तरी वेळ चुकत नाही. संपूर्ण प्रस्तावात सर्वांत कमी पैशात सर्वांत लवकर वसूल होणारी वस्तू हीच आहे, आणि दर कमी करताना सर्वांत आधी गाळली जाते तीही हीच. असे प्रस्ताव मी वाचतो तेव्हा आधी हा टायमर शोधतो. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

इथवर फक्त विजेचा विचार झाला. रस्त्यावर उजेड किती पडतो, हा प्रश्न राहिला, आणि बचतीच्या नावाखाली लोकांची फसवणूक होते ती नेमकी इथे. दीडशे वॉटच्या सोडियमच्या जागी सत्तर वॉटचा एलईडी चालतो कसा? सोडियम दिवा चारी बाजूंना प्रकाश फेकतो. त्यातला मोठा भाग परावर्तकात, धुळीने माखलेल्या काचेत आणि आभाळाकडे वाया जातो. एलईडीचा प्रकाश मुळातच एका बाजूला पडतो आणि प्रत्येक चिपवर बसवलेले छोटे भिंग तो रस्त्याच्या लांबीत पसरवते. म्हणून एकूण प्रकाश कमी असूनही रस्त्यावर पोचणारा प्रकाश पुरेसा राहू शकतो. ‘राहू शकतो’ असे मुद्दाम म्हणतो, कारण ते भिंगावर, खांबाच्या उंचीवर आणि दोन खांबांमधल्या अंतरावर अवलंबून आहे. महावितरणच्या वाहिनीचे खांब तारा ओढण्याच्या सोयीने उभे केलेले असतात, दिव्यांच्या सोयीने नव्हे. दोन खांबांत चाळीस-पन्नास मीटर अंतर असले आणि भिंग अरुंद प्रकाश टाकणारे असले, की खांबाखाली डोळे दिपतात आणि मधल्या वीस मीटरमध्ये काळोख राहतो. त्या काळोखात सायकलवाला दिसत नाही.

भारतीय मानक आयएस १९४४ मध्ये रस्त्यांच्या प्रकाशाचे वर्ग दिले आहेत. वर्दळीच्या दुय्यम रस्त्याला सरासरी ८ लक्स, कमी वर्दळीच्या रस्त्याला ४ लक्स. लक्समीटर हे हातात मावणारे साधे यंत्र आहे. दोन खांबांच्या मधोमध, रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि खांबाखाली वाचन घेतले, की चित्र स्पष्ट होते. मोठा ठेका देण्याआधी एका रस्त्यावर दहा दिवे नमुना म्हणून लावावेत आणि असे वाचन घ्यावे. त्याने नंतरचे सगळे वाद टळतात.

वॉटची फसवणूक अशीच पकडता येते. निविदेत सत्तर वॉटचा दिवा मागितला आणि पुरवला तो प्रत्यक्षात पन्नासच वॉट ओढणारा, तर बिल अपेक्षेपेक्षाही खाली येईल. सभागृहात टाळ्या पडतील आणि ठेकेदार स्वस्तातला माल खपवून मोकळा होईल. रस्ता मात्र अंधुक राहील. म्हणून बचत टिपणीतल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त दिसू लागली, तर आनंद मानण्याआधी काही फिटिंग उतरवून त्यांचे वॉट मोजावेत. प्रत्येक खेपेतून काही दिवे यादृच्छिक काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वॉट आणि प्रकाश तपासून घेण्याची अट निविदेत घालता येते, आणि ती घालायलाच हवी.

आयुष्याचा दावाही नीट समजून घ्यावा. एलईडीवर ५०,००० तास लिहिलेले असतात. वर्षाला ४,००० तासांनी ती साडेबारा वर्षे होतात. पण या आकड्याचा अर्थ इतकाच, की तेवढ्या तासांनी चिपचा प्रकाश मूळच्या सत्तर टक्क्यांवर येईल. दिवा बंद पडतो तो चिपमुळे क्वचितच. बंद पडतो तो ड्रायव्हरमुळे. ग्रामीण भागाजवळच्या वाहिन्यांवर दाब वरखाली होतो, न्यूट्रल सुटते, वळवाच्या पावसात वीज कडाडली की तारांतून क्षणभर प्रचंड दाब धावून जातो. जुना तांब्याचा चोक हे मुकाट्याने सोसत असे, ड्रायव्हरमधले नाजूक भाग सोसत नाहीत. त्यासाठी फिटिंगमध्ये दहा किलोव्होल्टपर्यंतचा झटका झेलणारे संरक्षण मागावे लागते. त्याशिवाय पाणी आणि धूळ आत जाणार नाही अशी आयपी ६६ दर्जाची पेटी लागते आणि पेट्यांना नीट अर्थिंग लागते. हे नसेल, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच गल्ल्या पुन्हा अंधारात जातात. आणि आता वायरमनकडे बदलायला चोक नसतो, अख्खी फिटिंग कंपनीकडे पाठवावी लागते.

रंगाबद्दल थोडक्यात. स्वस्त दिवे पांढरेफटक, निळसर झाक असलेले असतात आणि ते डोळ्यांना झोंबतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांसाठी ३,००० केल्विन किंवा त्याहून उबदार प्रकाश वापरण्याची सूचना केली. आपल्याकडे मुख्य रस्त्याला ४,००० आणि वस्तीतल्या गल्ल्यांना त्याहून पिवळसर प्रकाश मागितला, तरी लोकांच्या खिडकीतून येणारा त्रास पुष्कळ कमी होईल. वीज त्याने फारशी वाढत नाही.

पैसे उभे करायचे दोन मार्ग असतात. पहिला, नगरपरिषदेने स्वतःच्या निधीतून खरेदी करायची. आपल्या उदाहरणात फिटिंग, बसवणी आणि कर धरून दिव्यांचे ४२ लाख ७० हजार आणि मीटर-टायमरच्या पंचवीस पेट्यांचे १० लाख, असा ५२ लाख ७० हजारांचा खर्च धरू. कागदावरच्या बचतीने तो वीस महिन्यांच्या आत वसूल झालेला दिसतो, मीटरवरच्या बचतीने जवळपास अडीच वर्षांत. दोन्ही उत्तरे चांगलीच आहेत. अडीच वर्षांत वसूल होणारे काम नाकारण्याचे काही कारण नाही, म्हणून आकडा फुगवण्याचीही गरज नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ऊर्जा सेवा कंपनीने स्वतःचे पैसे घालायचे आणि नगरपरिषदेने बचतीतून हप्ते द्यायचे. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू केला तो याच धर्तीवर. सार्वजनिक क्षेत्रातील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी दिवे बसवते, काही वर्षे त्यांची देखभाल करते आणि शहर तिला वार्षिक हप्ते देते. ऑक्टोबर २०१४ मधल्या हुदहुद चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या विशाखापट्टणममध्ये नव्वद हजारांहून अधिक दिवे याच पद्धतीने बदलले गेले. देशभर या कार्यक्रमात एक कोटीहून जास्त दिवे बसले. ज्या लहान शहराच्या तिजोरीत पन्नास लाखही एकरकमी नसतात, त्याला हा मार्ग खरोखर उपयोगी आहे. पण करारात ‘बचत’ कशी मोजायची हे जिथे लिहिलेले असते, तिथे डोळ्यांत तेल घालून पाहावे. समजा कराराने बचतीच्या ऐंशी टक्के रक्कम कंपनीला द्यायचे ठरले आणि बचत तक्त्यावरून, म्हणजे ३२ लाख ५९ हजार, मानली गेली. मग कंपनीला दरवर्षी २६ लाख ७ हजार द्यावे लागतील. बिलात खरे वाचले २१ लाख ५८ हजार. म्हणजे बचतीच्या प्रकल्पासाठी नगरपरिषद दरवर्षी साडेचार लाख रुपये इतर कामांतून काढून देईल, सात वर्षांचा करार असेल तर सातही वर्षे. मग हप्ते थकतात, हप्ते थकले की देखभाल थांबते, आणि तक्रार करायला गेलेल्या नागरिकाला दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. बचत मीटरवरून मोजायची, बंद दिव्यांचा हिशोब आधी सही करून नोंदवायचा आणि दिवा ठरलेल्या तासांत दुरुस्त झाला नाही तर हप्त्यातून कपात करायची, एवढी तीन कलमे करारात असली की हा धोका बराचसा टळतो.

काम झाल्यावर बचत तपासताना डिसेंबरची तुलना जूनशी करू नये, रात्रीच्या लांबीतच दोन तासांचा फरक असतो. डिसेंबरची गेल्या डिसेंबरशी करावी. शिवाय दर वर्षी नव्या वसाहती जोडल्या जातात आणि दिवे वाढतात, म्हणून एकूण युनिटला दिव्यांच्या संख्येने भागून एका दिव्यामागचे युनिट पाहावेत. आपल्या शहरात एलईडीनंतर हा आकडा वर्षाला १५६ च्या आसपास यायला हवा. तो दोनशेवर गेला, तर टायमर बिघडला आहे, कुणीतरी पथदिव्याच्या तारेवर आकडा टाकला आहे, किंवा दिवे सांगितल्यापेक्षा जास्त वॉटचे आहेत. तो शंभरावर आला, तर दिवे बंद आहेत किंवा कमी वॉटचे आहेत.

उतरवलेल्या मालाचेही पाहावे. १,८०० चोकमधले तांबे आणि फिटिंगमधले ॲल्युमिनियम हे नगरपरिषदेचे धन आहे. त्याची मोजून नोंद व्हावी आणि जाहीर लिलाव व्हावा. ट्यूब आणि सोडियम दिव्यांत पारा असतो, ते फोडून कचरा डेपोत टाकू नयेत, अधिकृत ई-कचरा प्रक्रियादाराकडे द्यावेत.

तुमच्या शहरात हा विषय सभेपुढे आला किंवा येणार असेल, तर माहिती अधिकारात चार कागद मागा: गेल्या तीन वर्षांची पथदिव्यांची मीटरनिहाय बिले, मीटर नसलेल्या किंवा बंद असलेल्या जोडण्यांची यादी, चालू व बंद दिव्यांची खांबनिहाय मोजणी, आणि बचत ज्यावरून काढली तो तक्ता. साध्या कागदावर अर्ज करा, दहा रुपयांचे शुल्क भरा आणि तीस दिवसांत उत्तराची मागणी करा. कागद हातात आले की तक्त्यातले आजचे युनिट बिलांतल्या युनिटच्या शेजारी मांडा आणि दोन्ही आकडे घेऊन ठराव होण्याआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे जा.